शब्दात दिलेला फोन नंबर अंकांत कसा बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाहिरातीत नंबराच्या जागी एखादा शब्द दिसतो आणि फोन हातात घेतल्यावर नेमकं काय दाबायचं ते कळत नाही. याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. बटणांवरचे अंक आणि अक्षरं कीपॅडवर जशी दिसतात तशीच दिली आहेत, म्हणजे फोन समोर ठेवून वाचता येईल.

१. नंबरात अक्षरं असतात म्हणजे हा वेगळ्या प्रकारचा नंबर असतो का?

नाही. टेलिफोनच्या यंत्रणेला फक्त अंक कळतात, अक्षरं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. `1-800-FLOWERS` हा प्रत्यक्षात `1-800-356-9377` हाच साधा नंबर आहे. बटणांवर अंकाच्या खाली जी बारीक रोमन अक्षरं छापलेली असतात, त्यांच्या आधाराने तो फक्त लक्षात ठेवायला सोपा करून लिहिला आहे. शब्दाने लावा किंवा अंकाने लावा, फोन एकाच ठिकाणी वाजतो.

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो तो अमेरिका आणि कॅनडातल्या टोल-फ्री नंबरांत आणि ऑस्ट्रेलियातल्या 13, 1300, 1800 या मालिकांत. म्हणून पुढची बहुतेक उदाहरणं तिथलीच आहेत. अशा नंबरांना व्हॅनिटी नंबर म्हणतात.

२. कोणतं अक्षर कोणत्या बटणावर असतं?

आजच्या फोनवर मांडणी अशी असते:

```
2 ABC    3 DEF    4 GHI
5 JKL    6 MNO    7 PQRS
8 TUV    9 WXYZ
```

ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या `E.161` या शिफारशीतली मांडणी आहे आणि नवे फोन तीच पाळतात. पाठ करायची असेल तर अक्षरं सरळ क्रमाने तीन-तीन वाटत जा. फक्त 7 आणि 9 यांच्या वाट्याला चार-चार येतात. एवढं ध्यानात ठेवलं तर कागदाशिवायही तक्ता मांडता येतो.

0 आणि 1 यांच्यावर एकही अक्षर नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण उत्तर तपासण्याची सगळ्यात पक्की युक्ती यातूनच निघते: अक्षरापासून निघालेला अंक कधीच 0 किंवा 1 नसतो. शब्दाच्या जागी तुमच्या कागदावर 0 किंवा 1 आला असेल, तर कुठेतरी चूक झाली आहे. ती बहुधा कुठे होते ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. एक शब्द शेवटपर्यंत करून दाखवाल का?

`FLOWERS` घेऊ. माझा आग्रह असा की बटणं शोधत शोधत थेट डायल करू नका. आधी कागदावर अक्षरं सुटी-सुटी लिहा, प्रत्येकाच्या खाली अंक लिहा आणि मगच फोन उचला. डायल करताना मध्येच अक्षर शोधत थांबलात तर पुढचा अंक दाबायच्या आत वेळ संपून फोन तुटू शकतो, विशेषतः लँडलाइनवर.

```
F  L  O  W  E  R  S
3  5  6  9  3  7  7
```

F हे DEF मधलं, म्हणून 3. L हे JKL मधलं, म्हणून 5. O हे MNO मधलं, म्हणून 6. W म्हणजे 9, E म्हणजे पुन्हा 3. शेवटची R आणि S ही दोन्ही अक्षरं 7 वरच आहेत, म्हणून 7 दोनदा येतो. इथे बरेच जण अडखळतात. दोन वेगळी अक्षरं असताना अंक सारखाच कसा, असं वाटून एक 7 गाळतात आणि नंबर एका अंकाने कमी पडतो.

म्हणून लिहून झाल्यावर मोजा. शब्दात सात अक्षरं असतील तर खाली सातच अंक हवेत. मग सुरुवातीला `1-800` जोडा आणि `1-800-356-9377` पूर्ण झाला.

४. C हे अक्षर 2 वर तिसरं आहे. मग 2 तीनदा दाबायचा का?

नाही, एकदाच. अक्षर बटणावर पहिलं असो की चौथं, त्या बटणावर एकच दाब.

हा गोंधळ जुन्या मोबाइलवर मेसेज लिहिण्याच्या सवयीमुळे होतो. तिथे C लिहायला 2 तीनदा दाबावा लागायचा, S साठी तर 7 चारदा. पण ती रीत मजकूर लिहिण्याची होती. डायल करताना प्रत्येक दाब म्हणजे एक स्वतंत्र अंक. एका वाचकांनी कळवलं होतं की `FLOWERS` लावताना दर वेळी कुणीतरी भलतंच फोन उचलतं. विचारल्यावर कळलं की F साठी ते 3 तीनदा आणि L साठी 5 तीनदा दाबत होते. म्हणजे O च्या पहिल्याच दाबाला त्यांचे सात अंक पूर्ण होत होते आणि शब्द संपायच्या आत फोन दुसऱ्याच कुणाकडे लागत होता. अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा उचलत असेल तर सगळ्यात आधी ही सवय तपासा.

५. माझ्या फोनच्या बटणांवर अक्षरंच नाहीत. काय करू?

प्रश्न २ मधला तक्ता वापरा. अक्षरं छापलेली नसली तरी अंक तेच असतात. स्मार्टफोन जवळ असेल तर त्याचं डायलपॅड उघडा, तिथे बहुतेक फोनवर अंकाखाली अक्षरं दिसतात. त्यावरून अंक उतरवून घ्या आणि दुसऱ्या फोनवरून लावा.

ज्यांना दिसत नाही किंवा अंधुक दिसतं त्यांना 5 या बटणावरचा छोटा उंचवटा उपयोगी पडतो. तिथे JKL. डावीकडे 4 वर GHI, उजवीकडे 6 वर MNO, बरोबर वर 2 वर ABC आणि बरोबर खाली 8 वर TUV. या पाच बटणांची जागा एकदा बोटाला कळली की उरलेली तीन शोधणं जड जात नाही.

पूर्ण टंकलेखनाचा कीबोर्ड असलेल्या ब्लॅकबेरीसारख्या फोनवर अक्षरं अंकांखाली नसतात, प्रत्येकाची कळ वेगळी असते. त्यांवर डायल करताना `Alt` दाबून धरून शब्द टाइप केला की फोन स्वतःच अंक करायचा.

६. जाहिरातीत गोल दिसतं ते O आहे की शून्य? आणि उभी रेघ I आहे की 1?

चुकीच्या जागी फोन लागण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

नियम असा: शब्दाच्या मधलं गोल चिन्ह हे अक्षर O धरा आणि 6 दाबा. शब्दाच्या मधली उभी रेघ हे अक्षर I धरा आणि 4 दाबा. ते L असेल तर 5. छपाईत ही चिन्हं हुबेहूब सारखी दिसतात, पण कीपॅडवर ती वेगवेगळ्या बटणांवर आहेत. शून्य आणि O यांच्यात तर संबंधच नाही: O बसलाय 6 वर, शून्य एकटं तळाशी.

अमेरिकेतल्या हॉलिडे इन या हॉटेल साखळीचा नंबर `1-800-HOLIDAY` होता. तो बदलून पाहू:

```
H  O  L  I  D  A  Y
4  6  5  4  3  2  9
```

म्हणजे `465-4329`. आता O च्या जागी शून्य दाबलं तर `405-4329` होतं. फक्त एक अंक बदलला, पण तो नंबर पूर्ण वेगळा. शब्द बघून शून्य दाबणारे लोक इतके होते की दुसऱ्या एका आरक्षण कंपनीने मुद्दाम हा `405-4329` घेऊन ठेवला आणि चुकून येणाऱ्या फोनवर स्वतः आरक्षणं घ्यायला सुरुवात केली. हॉलिडे इन कोर्टात गेलं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल त्या दुसऱ्या कंपनीच्या बाजूने दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की त्या कंपनीने हॉलिडे इनचं नाव किंवा तो शब्द जाहिरातीत वापरला नव्हता. लोकांचा गोंधळ तिने निर्माण केला नव्हता, आधीपासून होणाऱ्या गोंधळाचा तिने फायदा घेतला.

फोन करणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: चुकीचा नंबर लागला तर पलीकडून दर वेळी "राँग नंबर" असं ऐकू येईलच असं नाही. त्याच धंद्यातला दुसराच कुणीतरी शांतपणे बोलायला लागू शकतो. पैसे किंवा कार्डाची माहिती देण्याआधी समोरच्याला कंपनीचं नाव विचारा. आणि कागदावर शब्दाच्या जागी 0 किंवा 1 आला आहे का, ते पाहा.

एक अपवाद. जाहिरातदाराने शब्दात खरोखरच अंक घातलेला असू शकतो. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

७. शब्द नंबरापेक्षा लांब आहे. उरलेल्या अक्षरांचं काय करायचं?

सहसा काहीच नाही. अमेरिकेत `1-800` नंतर सातच अंक लागतात, शब्दाची पहिली सात अक्षरं झाली की नंबर पूर्ण. `1-800-CONTACTS` मध्ये आठ अक्षरं आहेत. त्याचे अंक `266-8228` आणि वर शेवटच्या S चा एक 7 उरतो. तो 7 दाबला तरी लँडलाइनवर काही बिघडत नाही, कारण सात अंक मिळताच एक्स्चेंज फोन जोडायला घेतं. तिथल्या मोबाइलवरही जादा अंक बहुधा दुर्लक्षित होतात.

तरी माझं मत, जादा अंक दाबू नका. कारणं दोन. एक म्हणजे फोन लगेच उचलला गेला आणि पलीकडे "अमुकसाठी 1 दाबा, तमुकसाठी 2 दाबा" असा यांत्रिक आवाज असेल, तर तुमचा उरलेला अंक तिथे निवड म्हणून घेतला जाऊ शकतो आणि तुम्ही भलत्याच विभागात पोचता. दुसरं म्हणजे दुसऱ्या देशातून किंवा इंटरनेटवरच्या फोन-सेवेतून लावताना जादा अंकांसकट पूर्ण नंबर पाठवला जातो आणि तो अवैध ठरून फोन लागतच नाही.

कुठे थांबायचं ते देशावर आणि मालिकेवर ठरतं. अमेरिका-कॅनडात सुरुवातीचा 1 सोडून एकूण दहा अंक. ऑस्ट्रेलियात 13 ने सुरू होणारे छोटे नंबर एकूण सहा अंकांचे असतात, 1300 आणि 1800 चे एकूण दहा.

लांब शब्दातही स्पेलिंग चुकलं तर किती महागात पडतं ते पाहा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने `1-800-OPERATOR` या नंबराची जाहिरात केली. शेवटी OR की ER, यात अनेकांची चूक होते हे हेरून एमसीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने `1-800-OPERATER` घेऊन ठेवला.

```
O  P  E  R  A  T  O  R
6  7  3  7  2  8  6  7

O  P  E  R  A  T  E  R
6  7  3  7  2  8  3  7
```

आठवं अक्षर तसंही मोजलं जात नाही. फरक पडला तो सातव्यात, म्हणजे अगदी शेवटच्या मोजल्या जाणाऱ्या अंकात: 6 की 3. चुकीचं स्पेलिंग करणाऱ्यांचे फोन एमसीआयकडे जायला लागले. हीच चूक आठव्या अक्षरात असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

८. शब्दात मध्येच अंक आहेत, रेघाही आहेत. त्या कशा वाचायच्या?

अंक असेल तो तसाच ठेवा, अक्षरं तेवढी बदला, रेघा आणि मोकळ्या जागा सोडून द्या. ऑस्ट्रेलियातली टॅक्सीसेवा `13CABS` असं लिहिते. 13 तसाच राहतो, C, A, B ही तिन्ही अक्षरं 2 वर आणि S हे 7 वर. झाला `13 2227`, एकूण सहा अंक.

रेघांमुळे लोक फसतात, कारण जाहिरातीत रेघ शब्द वाचता यावा म्हणून मारलेली असते, नंबराचे गट दाखवायला नव्हे. `1-800-GO-FEDEX` मध्ये दोन आणि पाच असे तुकडे दिसतात. बदलल्यावर अंक येतात `46` आणि `33339`, पण नेहमीच्या पद्धतीने लिहिताना ते `463-3339` असे लिहितात. अंक तेच, क्रम तोच, फक्त रेघ सरकली. वेबसाइटवर एका ठिकाणी शब्द आणि दुसऱ्या ठिकाणी अंक दिसले आणि जुळत नाहीत असं वाटलं, तर आधी सगळ्या रेघा पुसून पाहा.

शब्दातला अंक मुद्दाम घातलेला आहे की अक्षराची नक्कल, हे कसं ओळखायचं? तो अंक उच्चारून पाहा. FOR च्या जागी 4 किंवा TO च्या जागी 2 असेल तर तो खरा अंक, तसाच दाबा. O सारखं दिसणारं शून्य शब्दाच्या पोटात असेल तर ते जवळजवळ नेहमी अक्षरच असतं.

९. Q आणि Z माझ्या जुन्या फोनवर दिसतच नाहीत. ती कुठे गेली?

जुन्या अमेरिकी डायलवर आठ अंकांना तीन-तीन अशी चोवीसच अक्षरं होती आणि Q, Z यांना जागा दिलेली नव्हती. पुढे काही फोनवर Z हे 0 वर आलं, काहींवर Q आणि Z ही दोन्ही 1 वर. आजच्या मांडणीत Q हे 7 वर आणि Z हे 9 वर असतं. जाहिरातदार हीच मांडणी धरतात, म्हणून तुमच्या फोनवर काहीही छापलेलं असलं तरी 7 आणि 9 च वापरा.

याचं खरं उदाहरण म्हणजे अमेरिकेत तंबाखू सोडायला मदत करणारी `1-800-QUIT-NOW` ही सेवा. Q चा 7, U चा 8, I चा 4, T चा 8 आणि NOW चे `669`. मिळून `784-8669`. ज्याच्या फोनवर Q नाही, तो पहिल्याच अक्षराला अडकतो.

१०. `1-800` च्या जागी `1-888` लावलं तर चालेल का? दोन्ही टोल-फ्रीच आहेत ना?

चालणार नाही. अमेरिकेत 800 ची मालिका अपुरी पडायला लागल्यावर 888, 877, 866, 855, 844 आणि 833 या मालिका एकामागून एक आल्या. तोच शब्द प्रत्येक मालिकेत वेगवेगळ्या ग्राहकाकडे असू शकतो. जाहिरात ऐकताना शब्द लक्षात राहतो आणि त्याच्या आधीचे तीन अंक विसरतात, म्हणून आधी ते तीन अंक लिहून घ्या.

११. शब्द फक्त ऐकला आहे, लिहिलेला पाहिला नाही. स्पेलिंग कसं ठरवू?

आपल्यासारख्यांना इथे एक खास अडचण येते. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलेलो असतो, आणि अमेरिकी नंबर अमेरिकी स्पेलिंगने केलेला असतो. `CENTRE` चे अंक `236873` आणि `CENTER` चे `236837`. शेवटचे दोन अंक उलटसुलट झाले की नंबर गेला. `COLOUR` मध्ये तर एक अक्षर जास्त आहे: `265687`, आणि `COLOR` म्हणजे `26567`. त्या जादा U मुळे पुढचे सगळे अंक एका घराने सरकतात. म्हणून अमेरिकी नंबर असेल तर आधी अमेरिकी स्पेलिंग धरा. ऑस्ट्रेलियातला असेल तर ब्रिटिश.

शब्द कंपनीचं नाव असेल तर मुद्दाम वेगळं स्पेलिंग केलेलं असण्याची शक्यता जास्त. C च्या जागी K केला तर 2 च्या जागी 5 येतो. आणखी एक उपाय म्हणजे अंकांची संख्या: तुमच्या स्पेलिंगने सहाच अंक होत असतील आणि सात हवे असतील, तर कुठेतरी एक अक्षर सुटलं आहे.

स्पेलिंगची चूक दर वेळी नडतेच असंही नाही. दोन्ही अक्षरं एकाच बटणावर असतील, जसं M आणि N, किंवा R आणि S, तर अंक तोच राहतो आणि फोन बरोबर लागतो.

१२. फोनमध्ये नंबर सेव्ह करताना शब्दच टाइप केला तर?

नका करू. नंबराच्या रकान्यात अंक लिहा आणि शब्द नावाच्या रकान्यात. काही फोन अक्षरांचे अंक स्वतः करतात, काही अक्षरं गुपचूप गाळून टाकतात, आणि मग तुमच्याकडे `1800` एवढाच तुकडा उरतो. कुठूनही चिकटवलेला नंबर डायल करण्याआधी पडद्यावर किती अंक दिसतात ते मोजा.

याहून जास्त फसवी गोष्ट `p` आणि `w` यांची. बऱ्याच मोबाइलवर नंबराच्या रकान्यात `p` म्हणजे "जरा थांब आणि पुढचे अंक पाठव" आणि `w` म्हणजे "मी सांगेपर्यंत थांब". नव्या फोनवर त्यासाठी बहुधा स्वल्पविराम आणि अर्धविराम वापरतात. शब्दातल्या P चा 7 व्हायला हवा, W चा 9. पण फोनने त्यांना आज्ञा समजलं तर नंबर मध्येच तुटतो आणि शब्द बरोबर लिहूनही फोन का लागत नाही ते कळत नाही.

१३. आमच्या वेबसाइटवर शब्द दाखवायचा आहे, पण दाबल्यावर फोन लागायला हवा. कसं करू?

दिसायला शब्द ठेवा, दुव्यात अंक. `tel:` दुव्यांच्या `RFC 3966` या नियमावलीत शब्दरूपी नंबर चालत नाहीत, ते आधी अंकांत बदलून द्यावे लागतात.

```
<a href="tel:+18003569377">1-800-FLOWERS</a>
```

दुव्यात अक्षरं ठेवू नका याला आणखी एक कारण आहे. टेलिफोनच्या संकेतांत A, B, C, D असे चार स्वतंत्र सूरही आहेत. नेहमीच्या कीपॅडच्या उजवीकडे चौथा रकाना असता तर तिथे ते असते. 2 च्या बटणावर छापलेल्या A शी त्यांचा काही संबंध नाही. एखाद्या प्रणालीने अक्षर A ला तो सूर समजलं तर 2 जाणारच नाही.

आणि शब्दाशेजारी बारीक अक्षरांत का होईना, अंक द्या. या पानावरचे निम्मे प्रश्न त्या एका ओळीने मिटतात.

१४. यादीत असे शेकडो नंबर आहेत. एकदम बदलता येतील का?

येतील. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये एवढं पुरतं:

```
echo "1-800-Flowers" | tr 'a-z' 'A-Z' | tr 'A-Z' '22233344455566677778889999'
```

उत्तर येईल `1-800-3569377`. पहिला `tr` लहान अक्षरं मोठी करतो, दुसरा प्रत्येक अक्षराच्या जागी अंक ठेवतो. शेवटच्या रांगेत बरोबर सव्वीस अंक आहेत, A पासून Z पर्यंत एकेक. एक जरी सुटला तर पुढची अनेक अक्षरं चुकू शकतात, म्हणून रांग हाताने लिहू नका, इथून उचला. यादीत शब्दाच्या पोटात कुणी शून्य टाइप केलं असेल तर ही आज्ञा ते तसंच सोडते. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं (प्रश्न ६).

१५. उलट करता येतं का? अंकांवरून मूळ शब्द कळेल का?

खात्रीने नाही. शब्दावरून अंक एकच निघतो, पण अंकांवरून शब्द अनेक निघतात. `2665` घ्या: तो `BOOK` आहे, `COOK` आहे आणि `COOL` सुद्धा. `4663` हा `GOOD`, `HOME` आणि `GONE` या तिघांचाही आहे. प्रत्येक अंकावर तीनच अक्षरं धरली तरी सात अंकांच्या नंबरातून २१८७ अक्षररचना होतात. त्यांतल्या बहुतेक निरर्थक असतात, पण अर्थाच्या एकापेक्षा जास्त निघू शकतात.

स्वतःच्या नंबरातून शब्द निघतो का ते बघणाऱ्यांनी आधी त्यात 0 किंवा 1 आहे का ते पाहावं. असेल तर त्या जागी शब्द तुटतो. आणि शब्द निवडलात तर त्याच अंकांचे दुसरे शब्दही शोधून पाहा. त्यांतला एखादा नकोसा निघाला तर तो तुमच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येईल.

१६. परदेशातून `1-800` चा शब्द-नंबर लावता येतो का?

अंक तेच राहतात, सुरुवातीचा 1 हा देशाचा क्रमांक असल्यामुळे त्याच्या आधी `+` येतो: `+1 800 356 9377`. पण टोल-फ्री नंबराचे पैसे पलीकडचा ग्राहक भरत असतो आणि तो बाहेरच्या देशांतले फोन घेतोच असं नाही. लागला तरी तुमची कंपनी आंतरराष्ट्रीय दर लावू शकते. ऑस्ट्रेलियातल्या 13 आणि 1300 नंबरांचीही बाहेरून हीच अडचण आहे. कंपनीच्या संपर्क पानावर साधा शहर-क्रमांकासह नंबर दिलेला असेल तर बाहेरून तोच लावा. अक्षरं बदलताना चूक झाली की फोन मुळातच बंद आहे, हे इथे ओळखू येत नाही. म्हणून आधी अंक प्रश्न ३ प्रमाणे तपासून मगच दुसरा रस्ता शोधा.

१७. जुन्या कागदावर `KLondike 5` असं काही लिहिलंय. हेही तसंच बदलायचं का?

बदलायचं, पण सगळा शब्द नाही. हे जाहिरातीचे शब्द नव्हेत, जुन्या एक्स्चेंजची नावं आहेत. मोठ्या लिपीत छापलेली पहिली दोन अक्षरं तेवढी डायल करायची, उरलेलं नाव फक्त उच्चारायला. K आणि L दोन्ही 5 वर, पुढे अंक 5, म्हणून `KLondike 5` म्हणजे `555`. पुढे चार अंक असतात आणि मिळून सात होतात. पूर्ण `KLONDIKE` बदलत बसलात तर आठ अंक होतील आणि फोन हव्या त्या ठिकाणी लागणार नाही.

कागद कोणत्या देशातला आहे तेही पाहा. प्रश्न २ मधला तक्ता जुन्या कागदांना सगळीकडे लागू होत नाही. ब्रिटनच्या जुन्या डायलवर O हे अक्षर 6 वर नव्हतं, 0 वर होतं. म्हणजे तिथल्या एक्स्चेंजच्या नावात O आला तर शून्यच बरोबर. आणि ऑस्ट्रेलियाच्या जुन्या डायलवर तर प्रत्येक अंकाला एकच अक्षर होतं, A हे चक्क 1 वर.